ऊर्जातूट, आहारातील

आहारातून शरीराला मिळणारी ऊर्जा शरीराच्या ऊर्जाव्ययापेक्षा कमी असली म्हणजे या दोहोंमधील फरकास ऊर्जातूट म्हणतात. ती सामान्यतः प्रतिदिनी किलोकॅलरींमध्ये सांगतात (व्यवहारात किलोकॅलरीलाच ‘कॅलरी’ म्हणण्याची प्रथा असून पुढील विवेचनात तीच पाळली आहे). ही तूट शरीराला आपल्याच द्रव्यातून भरून काढावी लागते. त्यासाठी त्याच्याजवळ तीन स्रोत असतात : यकृत व स्नायू यांत साठविलेले ग्लायकोजेन हे पिष्टमय द्रव्य, त्वचेखाली व उदरपोकळीत साचलेला मेद आणि स्नायू व इतर अवयव यांतील प्रथिने. ग्लायकोजेनाचा साठा काहीशे ग्रॅमच असल्याने तो एकदोन दिवसांच्या टंचाईतच बराचसा खालावतो. प्रथिने हा वस्तुतः साठा नव्हे. ती शरीराची चालती यंत्रसामग्री आहे. दीर्घकाळ वापरता यावा असा खरा साठा एकट्या मेदाचाच होय. वजन घटवू पाहणाऱ्याला मेद कमी करावयाचा असतो, स्नायू नव्हे. परंतु तूट कोणत्या स्रोतातून किती भरून निघेल हे त्याच्या इच्छेवर अवलंबून नसते. ते मुख्यतः तुटीचे आकारमान, अंगावरील मेदाचे प्रमाण, आहारातील प्रथिने आणि स्नायूंना मिळणारे काम यांवर ठरते. त्यांपैकी तुटीच्या आकारमानाचा विचार येथे प्रामुख्याने केला आहे.

तूट व वजन यांचा संबंध : एक किग्रॅ. मेदोतक (मेद साठविणाऱ्या कोशिकांचा समूह) शुद्ध मेदाचे बनलेले नसते. त्यात पाणी व थोडी प्रथिनेही असतात. त्यामुळे त्यातून सुमारे ७,७०० कॅलरी मिळतात. न्यूयॉर्कमधील वैद्य मॅक्स विश्नॉफ्स्की यांनी १९५८ साली एक पौंड वजन म्हणजे ३,५०० कॅलरी असा जो नियम मांडला, त्याचा हाच अर्थ आहे. पुढे हा नियम इतका रूढ झाला, की रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्यास वर्षाला सुमारे २४ किग्रॅ. वजन घटेल असे सरळ त्रैराशिक कित्येक पुस्तकांत मांडले गेले. ते वस्तुस्थितीला धरून नाही. वजन घटत जाते तसा ऊर्जाव्ययही घटतो आणि आहार तेवढाच ठेवला, तरी तूट आपोआप लहान होत जाते. थोड्या आठवड्यांच्या हिशोबापुरता मात्र हा आकडा पुरेसा विश्वसनीय आहे.

याच आकड्याची दुसरी बाजू सहसा ध्यानात घेतली जात नाही. स्नायूसारख्या मेदरहित ऊतकाचा बहुतांश भाग पाणी असल्याने त्याच्या एका किग्रॅ.पासून अवघ्या सुमारे १,८०० कॅलरी मिळतात. समजा, एखाद्याची आठवड्याची तूट ३,१५० कॅलरी आहे. ती सर्वस्वी मेदोतकातून भरून निघाली, तर वजन आठवड्यात सुमारे ०·४१ किग्रॅ. घटेल. पण घटलेल्या वजनात मेदोतक व मेदरहित ऊतक निम्मे निम्मे असतील, तर तेवढ्याच तुटीत वजन सुमारे ०·६६ किग्रॅ. घटेल आणि त्यात मेद मात्र ०·३३ किग्रॅ.च असेल. म्हणजे तूट तीच असताना काटा अधिक वेगाने खाली येणे हे पुष्कळदा यशाचे नव्हे, तर स्नायू खर्ची पडत असल्याचे चिन्ह असते. काट्यावर उभा असलेला मनुष्य नेमका याच वेळी समाधानी असतो.

मेदसाठ्याची मर्यादा : मेदसाठा कितीही मोठा असला, तरी त्यातून दिवसाला मिळू शकणाऱ्या ऊर्जेला मर्यादा असते. मेद प्रथम कोशिकेतून मुक्त होऊन वसाम्लांच्या रूपाने रक्तात यावा लागतो आणि हा वेग साठ्याच्या आकारमानाशी निगडित असतो. सेमूर आल्पर्ट या अमेरिकन भौतिकीविज्ञांनी २००५ मध्ये या मर्यादेचे गणित मांडले. त्यासाठी त्यांनी अँसेल कीझ यांच्या मिनेसोटा विद्यापीठातील अर्धोपोषणाच्या प्रयोगाची (१९४४–४५) आधारसामग्री वापरली. त्या प्रयोगात ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे नेहमीच्या निम्म्या ऊर्जेच्या आहारावर ठेवले होते. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. आल्पर्ट यांच्या अंदाजानुसार अंगावरील प्रत्येक किग्रॅ. मेदापासून दिवसाला कमाल सुमारे ६९ कॅलरी मिळू शकतात. हा आकडा एका प्रयोगावरून काढलेला असून तो काटेकोर मानू नये. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष उपयुक्त आहे.

अंगावर २३ किग्रॅ. मेद असलेल्या स्थूल मनुष्याचा मेदसाठा या हिशोबाने दिवसाला सुमारे १,६०० कॅलरी पुरवू शकतो. उलट, ६५ किग्रॅ. वजनाच्या व १२ टक्के मेद असलेल्या सडपातळ धावपटूच्या अंगावर मेद ८ किग्रॅ.हून कमी असतो व त्याची मर्यादा सुमारे ५४० कॅलरी भरते. म्हणून रोज ५०० कॅलरींची तूट पहिल्याला सहज पेलते, तर दुसऱ्याला ती साठ्याच्या कडेवर नेऊन ठेवते; तिच्यापुढील प्रत्येक कॅलरी प्रथिनांतून वसूल होण्याची शक्यता असते. सर्वांसाठी एकच तूट सांगणारे आहारतक्ते याच कारणाने फसवे ठरतात. तसेच, एकाच मनुष्याचा मेद घटत जाईल तसतशी त्याला पेलणारी तूटही लहान होत जाते, हेही यावरून कळते.

मग स्थूल मनुष्याने १,६०० कॅलरींची तूट का घेऊ नये? कारण मेदाची मर्यादा ही अनेक मर्यादांपैकी एक आहे. त्याचा दैनिक व्यय २,२५० कॅलरी असेल, तर त्याला ६५० कॅलरींत दिवस काढावा लागेल आणि तेवढ्या अन्नात लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे व पुरेशी प्रथिने बसविणे नेहमीच्या पदार्थांनी शक्य होत नाही. आठवड्याला दीड किग्रॅ.हून अधिक वेगाने वजन घटल्यास पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. याशिवाय शरीर आपला खर्च आवरते घेते. मिनेसोटातील तरुणांचा आधारभूत चयापचय (पूर्ण विश्रांतीतील ऊर्जाव्यय) प्रयोगाच्या अखेरीस सुमारे ४० टक्क्यांनी उतरला होता. ही घट केवळ वजन कमी झाल्याने होईल तिच्यापेक्षा अधिक होती. त्यांना सतत थंडी वाजे, नाडी मंदावली होती, जिने चढणे नकोसे होई आणि मन अन्नाखेरीज कशात रमत नसे. एवढी टोकाची अवस्था सौम्य तुटीत येत नाही. तथापि तिची दिशा तीच असते. त्यातही नकळत कमी होणारी हालचाल हा सर्वांत मोठा व सर्वांत दुर्लक्षित भाग होय. भुकेला मनुष्य व्यायाम चुकवीत नाही, पण उरलेल्या दिवसात कमी उठतो, कमी चालतो आणि उभ्याने करावयाची कामे बसून करतो.

भारतीय शरीररचनेचा विचार : मेद किती आहे हे वजन-उंचीच्या गुणोत्तरावरून (शरीरभार निर्देशांकावरून) आपल्याकडे नीट कळत नाही. पुणे येथील वैद्य चित्तरंजन याज्ञिक व लंडन येथील जॉन युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेट  या नियतकालिकात आपल्या दोघांचे छायाचित्र प्रसिद्ध केले होते. दोघांचाही निर्देशांक २२·३ होता. मात्र मेदाचे प्रमाण युडकिन यांच्या अंगी ९·१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगी २१·२ टक्के होते. सडपातळ दिसणाऱ्या, पण पोटाशी मेद व हातपायांना स्नायू कमी अशा या ठेवणीचे लोक महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. अशा व्यक्तीचे निव्वळ वजन उतरविण्याने फारसे साधत नाही, कारण तिच्याजवळ गमावण्याजोगा स्नायू मुळातच थोडा असतो. तिला लहान तूट, अधिक प्रथिने व स्नायूंना काम हाच क्रम लागू पडतो. अशा वेळी वजनापेक्षा कंबरेचा घेर हे अधिक बोलके माप ठरते.

तुटीचे आकारमान ठरविणे : प्रौढ, निरोगी व मध्यम स्थूल व्यक्तीसाठी दैनिक व्ययाच्या १५ ते २५ टक्के इतकी तूट व्यवहार्य समजावी. तिच्यामुळे पहिला आठवडा सोडता वजन आठवड्याला साधारणपणे अर्धा टक्का घटते. अधिक स्थूल व्यक्तीस एक टक्क्यापर्यंतचा वेग चालतो. सडपातळ व्यायामपटूने अर्ध्या टक्क्याच्या वर जाऊ नये, तूट १० ते १५ टक्क्यांवर ठेवणे इष्ट. नॉर्वेमध्ये निवडक खेळाडूंवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एका गटाचे वजन आठवड्याला ०·७ टक्के, तर दुसऱ्याचे १·४ टक्के या वेगाने घटविण्याचा प्रयत्न केला होता; दोन्ही गट भारव्यायाम करीत होते. मंद गटातील खेळाडूंचे मेदरहित वस्तुमान सुमारे दोन टक्क्यांनी वाढले, शीघ्र गटात ते वाढले नाही. येथे एक खुलासा आवश्यक आहे. ‘झपाट्याने उतरलेले वजन झपाट्याने परत येते’ ही समजूत मात्र तितकीशी खरी नाही. ऑस्ट्रेलियातील २०१४ च्या एका तुलनेत १२ आठवड्यांत व ३६ आठवड्यांत वजन घटविलेल्या अतिस्थूल व्यक्तींमध्ये पुढील तीन वर्षांत वजन परत येण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच आढळले. मंद वेगाचा कैवार घ्यावयाचा तो स्नायू, अंगातील शक्ती व आहाराचा समतोल यांसाठी, परत येणाऱ्या वजनाच्या भीतीपोटी नव्हे.

प्रथिनांचे प्रमाण वाढविले, तर मोठी तूटही काही काळ सोसते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तरुणांना चार आठवडे ४० टक्के तुटीवर ठेवून कडक व्यायाम करविला होता. शरीराच्या दर किग्रॅ. वजनास रोज २·४ ग्रॅ. प्रथिने घेणाऱ्यांचा मेद ४·८ किग्रॅ.ने घटून मेदरहित वस्तुमान १·२ किग्रॅ.ने वाढले, १·२ ग्रॅ. घेणाऱ्यांचा मेद ३·५ किग्रॅ.ने घटला आणि त्यांचे मेदरहित वस्तुमान जवळजवळ होते तेवढेच राहिले. ते तरुण वजनदार होते, त्यांचे अन्न प्रयोगशाळा पुरवीत होती आणि मुदत चारच आठवड्यांची होती, हे विसरून हा दाखला कचेरीत बसून काम करणाऱ्या चाळिशीतल्या गृहस्थाला लावणे योग्य नव्हे. सामान्य व्यक्तीने अपेक्षित वजनाच्या दर किग्रॅ.स १·२ ते १·६ ग्रॅ. प्रथिने घ्यावीत. भारतीय आहारातील नेहमीची शिफारस दर किग्रॅ.स ०·८३ ग्रॅ. आहे, ती तूट नसताना लागणाऱ्या प्रथिनांची आहे.

एक उदाहरण : वय ४२ वर्षे, उंची १६८ सेंमी., वजन ७८ किग्रॅ., बैठे काम आणि मेदाचे प्रमाण सुमारे ३० टक्के अशा पुरुषाचे उदाहरण घेऊ. मिफ्लिन व सहकाऱ्यांच्या सूत्रानुसार (१९९०) विश्रांतीतील व्यय काढण्यासाठी वजनाची दसपट (७८०) व उंचीची सव्वासहापट (१,०५०) यांच्या बेरजेतून वयाची पाचपट (२१०) वजा करून पुरुषांसाठी ५ मिळवितात. उत्तर १,६२५ कॅलरी येते. बैठ्या जीवनक्रमासाठी त्याला १·४ ने गुणिल्यास सुमारे २,२७५ कॅलरी होतात. सूत्राचा आकडा व्यक्तिगणिक शेदोनशे कॅलरींनी चुकू शकतो. म्हणून काहीही न बदलता दोन आठवडे खाल्लेले सर्व अन्न तोलून लिहावे व रोज सकाळी मलमूत्रविसर्जनानंतर, काही खाण्यापूर्वी वजन करावे. या मुदतीत वजनाची सरासरी हलली नाही, तर नोंदीतील सरासरी हाच आपला व्यय समजावा. या गृहस्थांच्या नोंदीत तो २,२५० कॅलरी निघाला असे धरू. नोंदीत काही चूक राहिली असली, तरी पुढेही त्याच पद्धतीने नोंद केल्यास ती तुटीच्या हिशोबात बऱ्याच अंशी कटून जाते.

आपल्याकडील नोंदीत सर्वाधिक चुकते ते तेल. फोडणीत, पोळीला लावण्यात व तळणात गेलेले तेल ताटात दिसत नाही. त्यावर सोपा उपाय म्हणजे महिन्याचे तेल मोजणे. चार माणसांच्या घरात महिन्याला तीन लिटर तेल संपत असेल, तर दरडोई दररोज सुमारे २३ ग्रॅ. तेल पडते व त्यातून सुमारे २०५ कॅलरी मिळतात. हा आकडा पाहून बहुतेक घरांत प्रथम आश्चर्य व नंतर अविश्वास व्यक्त होतो.

व्ययाच्या २० टक्के म्हणजे ४५० कॅलरींची तूट घेतल्यास दैनिक आहार १,८०० कॅलरींचा होतो. ती अशी साधता येते : दिवसाच्या दोन पोळ्या कमी (सुमारे २०० कॅलरी), प्रत्येकी दोन चमचे साखरेचे चार कप चहा बिनसाखरेचे (१६०) आणि वाट्याच्या तेलातून दोन चमचे वजा (९०). येथवर तूट साधली; पण प्रथिने दिवसाला ५५ ग्रॅ.च्या आसपास उरतात. अपेक्षित वजन ७० किग्रॅ. धरल्यास निदान ८४ ग्रॅ. हवीत. म्हणून कॅलरी न वाढविता अदलाबदल करावी लागते. संध्याकाळच्या फरसाणाऐवजी दोन उकडलेली अंडी, रात्रीच्या एक वाटी भाताऐवजी १०० ग्रॅ. मासे आणि उरलेल्या कॅलरींत एक पेला साय काढलेले दूध घेतल्यास प्रथिने सुमारे ८७ ग्रॅ. होतात. शाकाहारी व्यक्तीस हे अधिक कठीण जाते, कारण डाळींबरोबर पिष्टमय पदार्थ बरेच येतात : १०० ग्रॅ. कोरड्या डाळीत प्रथिने २२ ते २४ ग्रॅ. असली, तरी कॅलरी सुमारे ३४० असतात. त्यांनी भात-पोळीचा वाटा अधिक घटवून ताक, साय काढलेल्या दुधाचे दही व पनीर, सोयाबीनचे पदार्थ यांवर भर द्यावा.

स्नायूंना काम मिळाले नाही, तर एवढी प्रथिने घेऊनही स्नायू टिकत नाहीत. आठवड्यातून दोन ते तीन वेळा जोर, बैठका किंवा वजने उचलणे पुरते. यात नवे विक्रम करण्याचा हेतू नसून पूर्वी जितके होत होते तितके टिकविण्याचा असतो, आणि म्हणूनच त्याचा मापनासाठीही उपयोग होतो.

उदाहरणातील गृहस्थांच्या साप्ताहिक सरासरी वजनाची वाटचाल साधारणतः अशी होईल. पहिल्या आठवड्यात ७८·० वरून ७६·९ किग्रॅ.; यात बराच भाग पाण्याचा असतो, कारण प्रत्येक ग्रॅ. ग्लायकोजेनाबरोबर सुमारे तीन ग्रॅ. पाणी साठलेले असते व ग्लायकोजेन खालावले की तेही निघून जाते. त्यानंतर ७६·५, ७६·१ व ७५·७. पाचव्या आठवड्यात वजन ७५·७ वरच थांबते. या वेळी आहार आणखी घटविण्याचा मोह आवरला पाहिजे. नव्याने सुरू केलेला व्यायाम, लग्नातील खारट जेवण किंवा बद्धकोष्ठता यांमुळे शरीरात पाणी व मळ राहून आठवड्याची मेदघट झाकली जाते (स्त्रियांमध्ये मासिक पाळीपूर्वी एक ते दोन किग्रॅ. पाणी साठणे सर्वसामान्य आहे, म्हणून त्यांनी तुलना मागील महिन्याच्या त्याच आठवड्याशी करावी). सहाव्या आठवड्यात सरासरी एकदम ७४·९ होते. दोन आठवड्यांची घट मिळून ०·८ किग्रॅ. म्हणजे अपेक्षेइतकीच आहे.

पुढील चार आठवड्यांत मात्र वजन एकूण एकच किग्रॅ. घटून ७३·९ होते. ही झाकलेली घट नाही. वेग खरोखरच आठवड्याला पाव किग्रॅ.वर आला आहे आणि त्यावरून तूट सुमारे २७५ कॅलरी उरली असे निघते. गेलेल्या १७५ कॅलरींचा शोध घ्यावयाचा. वजन चार किग्रॅ.ने घटल्याने व्यय सुमारे ५७ कॅलरींनी उतरणे क्रमप्राप्त आहे. पावले मोजण्याच्या यंत्रावर रोजची ७,००० पावले ५,५०० वर आलेली दिसतात. त्याचे सुमारे ५०. तेलाचे माप पुन्हा घेतल्यावर एक चमचा हळूहळू परत आल्याचे आढळते, त्याचे ४५. उरलेल्या वीसपंचवीस कॅलरी चयापचयाने आवरल्या असे म्हणता येईल. पावले व तेल पूर्ववत केल्यास तूट ३७० वर येते व वेग आठवड्याला सुमारे एक तृतीयांश किग्रॅ. होतो. अन्नाला हात लावावा लागत नाही. ‘चयापचय बिघडला’ म्हणून १,४०० कॅलरींवर उतरणारे लोक बहुधा असा शोध घेतलेले नसतात.

तूट मोठी झाल्याची चिन्हे : काट्याखेरीज तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली कंबर. नाभीच्या पातळीवर, श्वास सोडून, दर दोन आठवड्यांनी घेर मोजावा. मेद घटत असताना वजनाच्या प्रत्येक किग्रॅ.मागे तो साधारणपणे एक सेंमी. कमी होतो. वजन उतरत असून कंबर तेवढीच राहणे चांगले नव्हे. दुसरी ताकद. चाळीस बैठका सहज होत असताना त्या दोनतीन आठवडे सलग तीसपर्यंतच होऊ लागल्या, तर स्नायू किंवा त्यांतील इंधन घटत आहे. एखाद्या दिवसाची मरगळ यात धरू नये. तिसरी सर्वसाधारण अवस्था : पहाटे भुकेने जाग येणे, इतरांना उकडत असता थंडी वाजणे, चिडचिड, कामेच्छा मंदावणे, दुपारी लक्ष न लागणे. यांपैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्यास तूट शंभर ते दोनशे कॅलरींनी कमी करावी. ही भर शक्यतो व्यायामाच्या आसपासच्या पिष्टमय अन्नात घालावी. दर दहाबारा आठवड्यांनी दोन आठवडे तूट पूर्ण बंद ठेवण्याची पद्धतही आहे. तिच्यामुळे मेदघट अधिक होते की नाही याबाबत प्रयोगांचे निष्कर्ष जुळत नाहीत; भूक व कंटाळा यांना मात्र उतार पडतो. या मुदतीत ग्लायकोजेनाबरोबर पाणी परत आल्याने वजन अर्धा ते एक किग्रॅ. वाढते, ते मेद नव्हे.

व्यायाम पुष्कळ करणाऱ्या स्त्रियांसाठी एक खालची सीमा ध्यानात ठेवावी लागते. आहारातील ऊर्जेतून व्यायामाचा खर्च वजा जाता मेदरहित वस्तुमानाच्या दर किग्रॅ.स दिवसाला ३० कॅलरींहून कमी उरल्यास पाळीचे नियंत्रण करणाऱ्या हॉर्मोनाचा स्रवण्याचा क्रम बिघडतो, असे अमेरिकेतील लाउक्स व थूमा यांनी २००३ मध्ये दाखवून दिले. ५२ किग्रॅ. वजनाच्या व २२ टक्के मेद असलेल्या स्त्रीचे मेदरहित वस्तुमान सुमारे ४०·६ किग्रॅ. होते व ही सीमा सुमारे १,२२० कॅलरींवर येते. तिने व्यायामात ४०० कॅलरी खर्च केल्यास आहार निदान १,६२० कॅलरींचा हवा. पाळी लांबणे किंवा थांबणे हे तूट फाजील असल्याचे स्पष्ट लक्षण असून तिच्या पाठोपाठ हाडांची घनता घटते.

अपवाद : गर्भवती व स्तनदा स्त्रिया, वाढत्या वयाची मुले आणि आहारविषयक मनोविकार असलेल्या व्यक्ती यांनी ठरवून तूट घेऊ नये. साठीनंतर स्नायू परत भरून येणे कठीण असल्याने तूट लहान ठेवावी. इन्शुलीन किंवा सल्फोनिलयूरिया गटातील औषधे घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीने आहार घटविण्यापूर्वी मात्रा वैद्याकडून बदलून घेतली नाही, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिने वाढविण्याचा सल्लाही लागू होत नाही. उलट, वैद्यकीय देखरेखीखाली फार मोठी तूट हेतुतः दिली जाते : ब्रिटनमधील २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या डायरेक्ट या चाचणीत दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा तयार आहार तीन ते पाच महिने दिल्यानंतर एक वर्षाने ४६ टक्के रुग्णांचा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह औषधांविना आटोक्यात आढळला. सेमाग्लुटाइडासारख्या भूक मंद करणाऱ्या औषधांनी या प्रश्नाला नवे वळण दिले आहे. ती घेणाऱ्याला तूट जाणवतच नाही. त्यामुळे भूक ही खूण निरुपयोगी होते आणि ताकद, कंबर व ताटातील प्रथिने यांचीच मोजणी हाती राहते.